पहिला निरोप असा हवा, की आजीला उत्तर सुचेल

*माझी आई ७८ वर्षांची. दांडिया बाजारात एकटी राहते. मी मांजलपूरला असते आणि आठवड्यातून दोनदा तिच्याकडे जाते. भाऊ टोरांटोला आहे. तो आणि त्याचा मुलगा तिला व्हॉइस नोट पाठवतात. ती त्या दोनदोनदा ऐकते, पण उत्तर देत नाही. घरच्या ग्रुपवरही गप्पच असते. मी चार-पाच वेळा शिकवलं. माझ्यासमोर जमतं, मी गेले की "माईकच नाहीसा झाला" म्हणते. भाचा आता विचारतो, आजी माझ्यावर रागावली आहे का? सुरुवात कुठून करू?*

*– एक मुलगी, बडोदा*

ताई, आधी त्या नाहीशा झालेल्या माईकबद्दल सांगते, कारण आई म्हणतात ते अगदी खरं असणार. व्हॉट्सॲपमध्ये लिहायच्या पट्टीच्या उजव्या टोकाला जो गोल माईक असतो, तो पट्टी रिकामी असेपर्यंतच माईक असतो. पट्टीत एखादं अक्षर जरी पडलं तरी त्याच जागी पाठवायचा बाण येतो. आईंचं बोट चुकून पट्टीला लागतं, खालून कीबोर्ड वर येतो, घाईत तो बंद करताना एखादा "क" किंवा "m" आत पडतो आणि माईक जातो. पुढची गोष्ट आणखी त्रासाची आहे. ते अक्षर न पाठवता त्या बाहेर आल्या, तर व्हॉट्सॲप ते जपून ठेवतं. दुसऱ्या दिवशी उघडलं तरी माईक नसतोच. तुम्ही जाता, नकळत ते अक्षर पुसता, सगळं सुरळीत चालतं आणि तुम्हाला वाटतं, आई विसरते.

पुढच्या वेळी गेलात की चॅटच्या यादीत भाच्याच्या नावाखाली बघा. तिथे `Draft` असा शब्द दिसला तर हेच झालं आहे असं समजा. आईंना याचा एकच उपाय सांगायचा: माईकच्या जागी बाण दिसला, तर पट्टीतली अक्षरं पुसायची, माईक परत येतो. हे नुसतं सांगू नका. त्यांच्याच हातून मुद्दाम एक अक्षर टाकवा, माईक गेलेला दाखवा, अक्षर पुसवा, माईक आलेला दाखवा. असं तीनदा करून घ्या. गेलेली वस्तू आपल्या हाताने परत आणता येते हे एकदा दिसलं, की त्या फोनला निम्म्या कमी घाबरतील.

याच कीबोर्डमुळे आणखी एक घोळ होतो. कीबोर्ड वर आला की त्याच्यावरही एक छोटा माईक दिसतो. तो आवाज पाठवत नाही, बोललेलं टाइप करायचा प्रयत्न करतो. कीबोर्ड इंग्रजीवर असेल तर "बरं आहे" या दोन शब्दांचं काहीतरी भलतंच उमटतं. आईंना दोन माईकमधला फरक समजावत बसू नका. खाली अक्षरांच्या रांगा दिसल्या की आधी मागे जायचं, अक्षरं गेली की मगच माईक, एवढीच खूण द्या.

आता सुरुवातीकडे येते. माझं स्पष्ट मत आहे, की सुरुवात आईंकडून करायची नाही. ती टोरांटोहून व्हायला हवी. त्यांना येणाऱ्या व्हॉइस नोट एकदा त्यांच्या जागी बसून ऐका. "हाय आजी, कशी आहेस, आम्ही सगळे मजेत, आज बर्फ पडला, शाळा बंद होती, चल बाय, लव्ह यू." यात उत्तर द्यावं असं काय आहे? "कशी आहेस" ला पत्रातसुद्धा कुणी उत्तर देत नसे, ती मायन्याची ओळ असायची. फोनवर समोरून "हं", "मग?", "अगं बाई" येतं आणि त्या आधाराने आपण बोलत जातो. व्हॉइस नोटमध्ये समोर कुणीच नसतं. ज्यांनी आयुष्यभर समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलणं केलं, त्यांना त्या शांततेत काय बोलावं हे खरोखरच सुचत नाही. हात शिकण्याआधी जीभ अडते.

म्हणून भाच्याचा पहिला निरोप असा हवा, की उत्तर एका शब्दात देता येईल, ते फक्त आजीलाच माहीत असेल आणि चुकायची भीती नसेल. माझ्या मावशीसाठी आम्ही असाच एक निरोप रचला होता. त्यावरून तुमच्या भाच्यासाठी लिहून देते, नाव मावशीच्या नातवाचंच ठेवते:

"आजी, मी सोनू बोलतोय. माझी आणि बाबांची पैज लागली आहे. बाबा लहान असताना एकदा हरवले होते ना? मी म्हणतो कमाठीबागेत, ते म्हणतात जत्रेत. खरं कुठे? तू सांगशील तेच खरं."

तुमच्या घरात हरवण्याची गोष्ट नसेल तर दुसरी काढा. सूरसागरच्या काठावर कोण घसरलं होतं, कुणाच्या मुंजीत आचारी आलाच नाही, कोणत्या मामाने पतंगापायी परीक्षा बुडवली. प्रत्येक घरात अशी एखादी गोष्ट असतेच आणि तिचा शेवटचा निवाडा एकाच माणसाकडे असतो.

निरोपाची घडण नीट बघा. सुरुवातीला नाव आहे, कारण वाढत्या वयात बारीक, उंच पट्टीतले आवाज आधी ऐकू येईनासे होतात आणि त्यात नातवंडांचे आवाज एकमेकांसारखे लागतात. प्रश्न एकच आहे आणि तो शेवटाकडे आहे, म्हणजे ऐकणं संपताना कानात तोच राहतो. दोन पर्याय तयार ठेवलेले आहेत, त्यामुळे आठवण ताणावी लागत नाही. सगळं मिळून पंधरा सेकंदांच्या आत बसतं. भाच्याला सांगा, दोन वाक्यांत थोडा थांब, आणि निरोप पाठवलास की त्यावर दुसरं काहीही पाठवू नकोस. फोटो नको, फॉरवर्ड केलेला व्हिडिओ नको, "आजी ऐकलंस का?" तर मुळीच नको. वर आणखी काही येऊन पडलं की मूळ प्रश्न पडद्यावरून वर सरकतो आणि आईंच्या दृष्टीने तो हरवतो.

वेळही ठरवून द्या. टोरांटो आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे आहे. तिथे रात्री सात वाजता, जेवणं आटोपल्यावर भाचा बोलला, तर आईंच्या उशाशी पहाटे साडेचार किंवा साडेपाचला फोन वाजतो. तोच निरोप त्याने सकाळी सातला, शाळेला निघताना पाठवला, तर इथे साडेचार-साडेपाच वाजलेले असतात. दुपारची झोप झालेली, चहा झालेला, चष्मा डोळ्यांवर आणि बाहेर अजून उजेड. पहिले काही निरोप याच वेळी येऊ देत आणि त्या दिवशी तुम्ही तिथे असा.

निरोप येण्याच्या आदल्या फेरीत थोडी तयारी करून ठेवा, पण आईंना विचारून आणि त्यांच्यासमोर. भाच्याचं चॅट बोटाने दाबून धरलं की वर पिनची खूण येते. ती दाबली की ते चॅट कायम यादीच्या माथ्यावर राहतं. अशी तीन चॅट सहज पिन होतात: भाचा, भाऊ आणि तुम्ही. तेवढी पुरेत. नावं देवनागरीत सेव्ह करा, प्रत्येकाला चेहरा स्पष्ट दिसेल असा फोटो असू द्या. देवळाचा, फुलांचा, मागून काढलेला फोटो चालणार नाही. फॅमिली ग्रुप म्यूट करा. ग्रुपमध्ये रोज पन्नास सुप्रभात येत असतील, तर त्या पन्नास टिंगटिंगांत नातवाचं एक टिंग त्यांना वेगळं कळणार नाही.

सराव मात्र भाच्याच्या चॅटमध्ये करू नका. व्हॉट्सॲपमध्ये स्वतःलाच निरोप पाठवायची सोय आहे. नवीन चॅट उघडलं की यादीत आपलंच नाव `(You)` असं लिहिलेलं दिसतं. तिथे पाठवलेलं दुसऱ्या कुणालाही जात नाही. मावशीला हे समजलं तेव्हा तिने तीनदा विचारलं, "नक्की ना? शेजारच्या बेनला जाणार नाही ना?" मग खुर्चीत सावरून बसली आणि "एक, दोन, तीन" बोलली. चुकलं तर सगळ्यांना कळेल ही भीती तिला बोटाच्या थरथरीपेक्षा जास्त अडवत होती.

आता बोटाचं. बहुतेक लोक शिकवतात ती रीत अशी: माईक दाबून धरा, बोला, सोडा. वयस्कर हातासाठी ही सगळ्यात अवघड रीत आहे. बोलता बोलता विचार करायला थांबलं की बोट सैल होतं आणि अर्धं वाक्य निघून जातं. हात जरासा थरथरला आणि बोट डावीकडे सरकलं की रेकॉर्डिंग रद्द होतं. डावीकडे सरकवणं म्हणजे "नको" अशीच व्हॉट्सॲपची समजूत आहे. आई म्हणत असतील "बोलले होते, पण गेलंच नाही", तर बहुधा हे झालेलं असतं. आणि नुसतं टिचकीसारखं दाबलं तर रेकॉर्डिंग होतच नाही.

म्हणून पहिल्या दिवसापासून कुलपाची रीत शिकवा. माईक दाबून धरला की त्याच्या वर एक छोटं कुलूप दिसतं. बोट न उचलता कुलपाकडे वर सरकवायचं आणि सोडायचं. आता बोट मोकळं झालं आणि रेकॉर्डिंग चालूच आहे. हात मांडीवर ठेवून, पाहिजे तेवढं थांबून बोलता येतं. बोलणं झालं की खालच्या ओळीत बघायचं. एका बाजूला कचऱ्याची पेटी, मध्ये थांबवायची खूण, उजवीकडे बाण. पसंत असेल तर बाण, नसेल तर पेटी. बोलणं आणि पाठवणं अशी दोन वेगळी कामं झाली, हा या रीतीचा खरा फायदा. आपण बोललो तरी पाठवलेलं नाही हे त्यांना कळतं, आणि मग त्या मोकळेपणाने बोलतात. थांबवायची खूण दाबून पाठवण्याआधी स्वतःचं ऐकूनही घेता येतं, पण हे पहिल्या आठवड्यात नको. बटणं वाढवू नका.

हे सगळं फोन टेबलावर ठेवून करा, खाली रुमालाची घडी घाला म्हणजे तो सरकणार नाही. हातात धरला तर माईकचा कोपरा नेमका अंगठ्याच्या मुळाशी येतो, आणि फोनच्या खालच्या कडेला चार्जिंगच्या भोकाशेजारी आवाज घेणारं बारीक छिद्र असतं, ते तळहाताने झाकलं जातं. व्हॉइस नोट घुसमटलेली ऐकू आली तर हे तपासा. बोट वाकवून नखाने दाबलं तर पडदा ओळखत नाही, बोटाची गादी टेकवायला सांगा. वयाबरोबर बोटांची त्वचा कोरडी होते आणि कोरडं बोटही पडद्याला नीट कळत नाही. मावशीजवळ मी ओला करून पिळलेला नॅपकिन ठेवत असे. तिला वाटायचं तिच्यातच काही कमी आहे, कारण मी दाबलं की लगेच चालायचं. नॅपकिनला बोट टेकवून दाबलं तशी पहिल्याच झटक्यात खूण उमटली.

एवढं होऊनही रेकॉर्डिंग सुरूच होत नसेल तर परवानगी बघा. पहिल्यांदा माईक दाबताना फोन परवानगी मागतो आणि घाबरून "नको" दाबलं गेलेलं असतं. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधून ॲप्स, मग व्हॉट्सॲप, मग परवानग्या, आणि मायक्रोफोनला `Allow only while using the app`. हे तुम्हीच करून टाका, त्यांना शिकवायची गरज नाही.

शिकवताना एक पथ्य मात्र मनापासून सांगते. फोन त्यांच्या हातातून घेऊ नका. एकदाही नाही. तुमचं बोट पडद्याला लागलं की तो धडा तुमचा झाला, त्यांचा राहिला नाही. "इथे" म्हणून पेन्सिलीने हवेत दाखवा आणि थांबा. त्यांना दहा सेकंद लागतील, ती तुम्हाला फार लांब वाटतील. त्या दहा सेकंदांत काहीही बोलू नका. एका बैठकीत एकच गोष्ट, आणि पंधरा मिनिटांच्या वर नाही.

ऐकण्याच्या दोन अडचणीही याच फेरीत बघून घ्या, कारण प्रश्न नीट ऐकू आला नाही तर उत्तर येणार नाही. व्हॉइस नोट चालू असताना फोन कानाशी नेला की आवाज मोठ्या स्पीकरमधून निघून कानाच्या छोट्या स्पीकरमध्ये जातो आणि पडदा काळा होतो. आईंना वाटतं, बंद पडलं. तोंडासमोर वीतभर अंतरावर धरायला सांगा. दुसरं, व्हॉइस नोट चालू असताना तिच्या शेजारी `1×` दिसतं. त्यावर बोट पडलं की ते `1.5×` किंवा `2×` होतं आणि नातू धावत सुटल्यासारखा बोलतो. "हल्ली तो फार घाईत बोलतो" असं आई म्हणाल्या असतील तर आधी तो आकडा बघा. पुन्हा `1×` येईपर्यंत दाबत जायचं.

बोट तयार झालं की बोलायचं काय, हा प्रश्न उरतो. इथे मला मावशीनेच वाट दाखवली. पहिल्या खऱ्या निरोपाच्या वेळी माईक सुरू झाला आणि ती गप्प. कुलूप लागलेलं, सेकंद पळतायत, आणि ती माझ्याकडे बघतेय. मी पेटी दाबायला सांगितली आणि विचारलं, "तू मामाला पोस्टकार्ड लिहायचीस, ते कसं सुरू करायचीस?" ती लगेच म्हणाली, "चिरंजीव अमुक यास अनेक उत्तम आशीर्वाद." मग मजकूर, मग "बाकी सर्व ठीक". पोस्टकार्डाला सुरुवात आणि शेवट आयते असायचे, माणसाने मधलं तेवढं भरायचं. व्हॉइस नोटला तो साचाच नाही, म्हणून ती अडत होती. आम्ही तिला साचा करून दिला. आधी नाव: "सोनू, मी आजी." मग उत्तर. मग शेवट: "बाकी ठीक." एका कागदावर तिच्याच अक्षरात या तीन ओळी लिहवून घेतल्या आणि चष्म्याच्या घराशेजारी ठेवल्या. तिचा पहिला निरोप सहा सेकंदांचा होता: "सोनू, मी आजी. कमाठीबागेत. बाकी ठीक."

चार दिवसांनी तिने स्वतःहून दुसरा पाठवला तो सव्वा मिनिटाचा. कमाठीबागेत कोणत्या झाडाखाली सापडला, कुणी उचलून आणला, घरी आल्यावर कुणी कुणाला मारलं, सगळं होतं त्यात. मागे कुकरच्या दोन शिट्ट्याही. कागदावरचा साचा तिने तेव्हा पाहिलाच नव्हता.

आईंचं पहिलं उत्तर गेलं की सगळी जबाबदारी पुन्हा टोरांटोवर येते, आणि इथे घरं चुकतात. सगळे टाळ्या वाजवतात: "आजी, कमाल! शिकलीस की!" हे त्यांना आवडत नाही, आणि का आवडावं? त्यांनी पैजेचा निकाल दिला आहे, परीक्षा दिलेली नाही. भाच्याने निकालावर बोलायचं: "आजी, म्हणजे मी जिंकलो! बाबा आता मला आइस्क्रीम देणार. तुला कुणी सांगितलं होतं ते तिथे आहेत म्हणून?" म्हणजे उत्तर पोचलं, त्याने काहीतरी घडलं, आणि पुढचा प्रश्न आला. हे उत्तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी यायलाच हवं. आईंनी धीर करून निरोप पाठवावा आणि तो चार दिवस तसाच पडून राहावा, यापेक्षा त्यांनी न पाठवलेला बरा. ऐकलं गेलं की नाही हे बघायची खूण त्यांना शिकवता येते: आपल्या निरोपाजवळचा छोटा माईक निळा झाला की समोरच्याने ऐकला. मावशीला ही खूण फार आवडते. "सोनूने ऐकलं" असं ती शेजारी सांगते.

कधी उत्तर येणार नाही. एखादा दिवस, दोन दिवस. विचारू नका. गुडघे दुखत असतील, फोन चार्जिंगला राहिला असेल, किंवा बोलावंसं वाटलं नसेल. तिसऱ्या दिवशी भाच्याने नवा, सोपा प्रश्न पाठवावा, जुन्याचा उल्लेखही न करता. आणि उत्तरायणाच्या आगेमागे हा सगळा खटाटोप ठेवू नका. गच्चीगच्चीवरचे भोंगे चालू असताना ऐकूही येत नाही आणि बोललेलं नीट उमटतही नाही.

ग्रुपवर बोलण्याचा विषय मी इतका वेळ मुद्दाम काढला नाही. ग्रुप म्हणजे भरलेला मांडव आहे, तिथे बोलायला वेगळं धाडस लागतं आणि ते महिनाभरानंतरही आलं नाही तरी काही बिघडत नाही. ग्रुपसाठी एकच गोष्ट शिकवा. एखादा निरोप बोटाने दाबून धरला की वर छोट्या चित्रांची ओळ येते, त्यातले जोडलेले हात दाबायचे. वाढदिवस असो, नोकरी असो, कुणी गेल्याची बातमी असो, जोडलेले हात सगळीकडे शोभतात. बाकीची चित्रं शिकवू नका. त्या ओळीत हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा आहे आणि रडणाराही आहे, आणि बारीक चित्रात अश्रू तेवढे दिसतात. कुणाच्या तेराव्याच्या निरोपावर हसणारा चेहरा गेलेला मी पाहिला आहे. पाठवणाऱ्या आजोबांनी तो मनापासून दुःखाने पाठवला होता. त्यांना कळल्यावर ते ग्रुपवर पुन्हा कधी आले नाहीत. चुकीचं चित्र लगेच लक्षात आलं तर त्यावर पुन्हा बोट टेकवून ते काढता येतं.

चुकून भलत्याच चॅटमध्ये व्हॉइस नोट गेली, तर काय करायचं हे त्यांना आधीच सांगून ठेवा: काही दाबायचं नाही, तुम्हाला फोन करायचा. दोन दिवसांच्या आत `Delete for everyone` करता येतं, म्हणजे तुमच्या पुढच्या फेरीपर्यंतही बहुधा वेळ असतो. घाबरून त्या स्वतः पुसायला गेल्या आणि `Delete for me` दाबलं गेलं, तर तो निरोप त्यांच्याच फोनमधून जातो आणि समोरच्याकडे राहतो, आणि मग तो मागे घेता येत नाही. लगेच खाली `Undo` दिसतं, पण ते काही क्षणच.

एक काळजीची गोष्ट. आई उत्तरं द्यायला लागल्या की त्या अनोळखी निरोपांनाही उत्तर देतील, कारण उत्तर न देणं त्यांच्या पिढीला उर्मटपणा वाटतो. म्हणून नियम पिनशी बांधा. वरच्या तीन चेहऱ्यांना उत्तर, बाकीच्यांना तुम्ही आल्यावर. कुणी "आजी, मी सोनू, हा माझा नवा नंबर" म्हणून पैशांचं काही बोललं, तर उत्तर न देता भावाच्या नेहमीच्या नंबरवर फोन करायचा. पैसे गेलेच तर तुम्ही लगेच १९३० वर कळवा.

आणि एक मर्यादा. बोट थरथरणं, ऐकू कमी येणं, अक्षर पडून माईक जाणं, या सगळ्यावर वर सांगितलं तसं काही ना काही करता येतं. पण महिनाभर नीट पाठवत असलेल्या आईंना एकदम कुलूपच आठवेनासं झालं, आणि त्याचबरोबर गॅस, औषधं, ओळखीच्या गल्ल्या यांतही गोंधळ दिसू लागला, तर शिकवणी थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. तिथे आणखी सराव हा उपाय नाही.

भावाला आजच कळवा, की या शनिवारी त्यांच्या सकाळी सातला भाच्याने पैजेचा निरोप पाठवायचा आहे आणि त्यानंतर गप्प बसायचं आहे. तुम्ही गुरुवारी जाऊन `Draft` तपासा, तीन चॅट पिन करा, आणि `(You)` मध्ये आईंना कुलूप लावून "एक, दोन, तीन" म्हणायला लावा. शनिवारी साडेचारला, हिवाळा असेल तर साडेपाचला, चहा टाकायला स्वयंपाकघरात जा आणि निरोप वाजला तरी लगेच बाहेर येऊ नका.